बाटली आडवी ठेवली की समजायचं: वर्गशिक्षिकेला लिहिलेल्या एका पत्राची हकीकत

मुलाचं खरं नाव इथं लिहीत नाही. आणखी चार वर्षांनी तो स्वतः हे वाचेल आणि माझ्यावर रुसेल. इथं त्याला सोनू म्हणते. आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो, घरी थोडी केळीची शेती आहे. हे सगळं घडलं तेव्हा सोनू दुसरीत होता, वय सात, वजन २० किलो.

सुरुवात मे महिन्यात, माझ्या माहेरच्या लग्नात झाली. ऊन ४४ अंशांवर होतं, पोरं दिवसभर मांडवात, पाणी कमी, आणि शौचालयापुढे पाहुण्यांची रांग. सोनू तीन दिवस गेलाच नाही. चौथ्या दिवशी गेला तेव्हा रडत बाहेर आला आणि थोडं रक्त दिसलं. मी खोबरेल तेल लावलं आणि विसरून गेले. तो मात्र विसरला नव्हता. त्या दिवसापासून त्याने मनाशी ठरवलंच होतं की आता जायचं नाही.

जूनच्या मध्यात शाळा सुरू झाली, ११ ते ५. शाळेतल्या मुलांच्या संडासाला कडी नाही, वरून पोरं डोकावतात, हे त्याने मला नंतर, जुलैच्या शेवटी सांगितलं. तोवर मला एवढंच दिसत होतं की तो घरी आल्यावर दाराच्या मागे जाऊन, टाचा उंच करून, पाय एकमेकांवर आवळून उभा राहतो. मला वाटायचं, जोर देतोय. उलट, तो रोखून धरत होता.

जूनच्या शेवटी चड्डीला डाग दिसू लागले, जुलैत रोजच. पातळ, घाण वासाचे. सासूबाई म्हणाल्या, "पोऱ्याले नजर लागी गई व माय." मिरच्या ओवाळून झाल्या. मग गावातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. डाग पातळ, म्हणजे जुलाब, असं धरून त्यांनी जुलाब थांबवायचं औषध दिलं आणि भात-केळं खायला सांगितलं. पाच दिवस दिलं. डाग वाढले, पोट फुगलं, जेवण कमी झालं. मीसुद्धा त्याला दोनदा धपाटे घातले, हे लिहायलाच हवं. मला वाटायचं तो खेळाच्या नादात मुद्दाम करतो.

१९ जुलैला शाळेतून निरोप आला, वहीच्या मागच्या पानावर: "पाल्याला शौचाची सवय लावून शाळेत पाठवावे." त्याच दिवशी दप्तर टाकून सोनू म्हणाला, "आई, माझ्याजवळ कोणी बसत नाही. सगळे नाक धरतात." मी विचारलं, तुला कळत नाही का रे, आली की? तो म्हणाला, "नाही कळत. झाल्यावर कळतं." मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. तो खरं सांगत होता.

२२ जुलैला एसटीने जळगावला गेलो, बालरोगतज्ज्ञांकडे. फी ४०० रुपये, दीड तास बसावं लागलं. त्यांनी आधी विचारलं ते मला कोणीच विचारलं नव्हतं: जन्मल्यावर पहिली शी किती तासांत झाली, वजन घटलंय का, उलट्या होतात का, आणि मोठी शी शेवटची कधी झाली. शेवटच्या प्रश्नावर मी गप्प. डाग रोज असल्यामुळे तो रोज जातोय असंच मी धरलं होतं. आठवून पाहिलं तर आठ दिवस झाले होते. मग त्यांनी पोट चाचपलं आणि माझा हात धरून बेंबीच्या खाली, डाव्या बाजूला ठेवला. आत कडक गोळा लागत होता. एक्स-रे लागला नाही.

सोनूचे बाबा शेतकरी, म्हणून डॉक्टरांनी पाटाचं उदाहरण दिलं. पाटाच्या मोरीत दगड अडकला की वरचं पाणी कडेकडेने झिरपत राहतं. खालच्या वाफ्यात ओल दिसली म्हणून पाट वाहतोय असं म्हणाल का? गुदाशयात वाळलेल्या मळाचा गोळा बसलाय, वरचा पातळ मळ त्याच्या बाजूने गळतोय. आणि तिथली पिशवी महिनोन्‌महिने ताणली गेल्यामुळे 'आली' हा निरोपच मेंदूकडे नीट पोचत नाही. म्हणजे जुलाब थांबवायचं औषध आम्ही बद्धकोष्ठालाच दिलं होतं. गोळा मूत्राशयालाही दाबतो, म्हणून तो लघवीलाही सारखा जात होता. तेही आम्ही नखरेच समजत होतो.

औषध साधं होतं: पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, पाण्यात विरघळणारी, फारशी चव नसलेली. ती पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ करते. आधी गोळा काढायचा, त्यासाठी सोनूला रोज ३० ग्रॅम, भरपूर पाण्यातून, दिवसभरात थोडी थोडी. मात्रा वजनावर आणि तपासणीवर ठरते, त्यामुळे माझा आकडा कुणी आपल्या मुलाला लावू नका. चार दिवस शाळा बुडवली. पहिले दोन दिवस डाग वाढले आणि सासूबाई म्हणाल्या, बंद कर. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी टिकले. तिसऱ्या दिवशी दुपारी जे बाहेर पडलं ते पाहून माझेच डोळे भरून आले. चौथ्या दिवशी खडे नसलेलं पातळ पाणी आलं, म्हणजे पोट मोकळं झालं. पुढे रोज १० ग्रॅम, काही महिने. ताणलेली पिशवी आकसायला तेवढा वेळ लागतोच, त्याआधी थांबवलं तर गोळा पुन्हा बसतो. दूध तो तीन मोठे पेले प्यायचा, ते दोन कपांवर आणलं.

पावडरीसोबत डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि त्या गोष्टीसाठी पत्राची गरज पडली. जेवल्यावर आतडी आपोआप हलायला लागतात. त्या वेळी मुलाला 'आली' असं वाटो न वाटो, ५ ते १० मिनिटं शांत बसवायचं. दिवसातून दोन-तीनदा. सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर मी बसवणार. दुपारच्या डब्यानंतर तो शाळेत.

२८ जुलैच्या रात्री मी पत्र लिहायला बसले. तीन पानं झाली. निरोपाच्या चिठ्ठीबद्दल, नाक धरणाऱ्या पोरांबद्दल, कडी नसलेल्या दाराबद्दल. शेवटी शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ टाकलं. त्यात मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला मनाई आहे. ह्यांनी वाचलं आणि विचारलं, "हे पत्र आहे की फिर्याद?" मला राग आला. पण खरं होतं. तीन पानांत बाईंनी नेमकं काय करायचं हे एकदाही नव्हतं. कलम मी काढून ठेवलं. लागलं असतं तर पुढच्या एखाद्या पत्रात घातलं असतं.

दुसरं पत्र एका पानात बसवलं. तेच जसंच्या तसं देते:

"प्रति,
मा. वर्गशिक्षिका, इयत्ता दुसरी.
विषय: पाल्यास आरोग्यविषयक सवलत मिळणेबाबत.

महोदया,
माझ्या मुलाला दीर्घकाळचा बद्धकोष्ठाचा आजार आहे, उपचार सुरू आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. त्याच्या कपड्यांना जे लागतं ते जुलाब नाहीत आणि तो मुद्दाम करत नाही. आत साठलेल्या मळाच्या बाजूने ते गळतं आणि गळताना त्याला कळत नाही. ही जाणीव परत यायला काही महिने लागतील. तोवर आपली मदत हवी आहे.

एक, मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर त्याला १० मिनिटं संडासात बसू द्यावं. सुट्टीत तिथे गर्दी असते, म्हणून घंटा झाल्यानंतर. वर्गात तो थोडा उशिरा येईल.
दोन, तासाच्या मधे त्याने विचारलं तर लगेच सोडावं. पाच मिनिटं थांबवलं तर ती भावना निघून जाते आणि तो पुन्हा रोखायला शिकतो. लघवीसाठीही तसंच.
तीन, पाण्याची बाटली त्याच्या बाकावर असू द्यावी.
चार, कपडे खराब झालेच तर त्याच्या दप्तरात निळ्या पिशवीत चड्डी, पँट, ओला रुमाल आणि बंद होणारी पिशवी आहे. कपडे तो स्वतः बदलतो. कृपया वर्गासमोर काही बोलू नये. मला फोन करावा, मी १५ मिनिटांत येते.

तो पाय आवळून, टाचा उंच करून उभा राहिलेला दिसला तर तो रोखून धरतोय असं समजावं आणि त्याला हळूच जायला सांगावं. आपल्या वर्गात मुलं खूप आहेत, याची मला कल्पना आहे. काय जमेल आणि काय नाही, हे सांगितलंत तर आपण मिळून मार्ग काढू.

आपली विश्वासू."

विषयाची ओळ मी आधी 'शौचालयाची परवानगी मिळणेबाबत' अशी लिहिली होती. ती का बदलली ते सांगते. १ ऑगस्टला मी पत्र घेऊन गेले तर मॅडम म्हणाल्या, आधी ऑफिसात आवक करून घ्या. लिपिकांनी आवक रजिस्टर उघडलं आणि विषय मोठ्याने वाचत वाचत लिहायला लागले. फी भरायला आलेले चार पालक मागे उभे. मी पत्र परत मागून घेतलं, घरी येऊन ओळ बदलली, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पत्र देताना दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेऊनच या. ही पोच पुढे कामी आली.

मग मुख्याध्यापकांनी सांगितलं, डॉक्टरांची चिठ्ठी मोबाइलवरची चालणार नाही, सही-शिक्क्याची मूळ प्रत आणा. पुन्हा जळगाव, पुन्हा एसटी, जाता-येता अख्खा दिवस. डॉक्टरांनी चिठ्ठीचे वेगळे पैसे घेतले नाहीत. पहिल्याच भेटीत मागून घेतली असती तर खेप वाचली असती. चिठ्ठीत आजाराचं नाव, उपचार किती महिने चालेल आणि 'जेवणानंतर शौचालयात बसणे हा उपचाराचा भाग आहे' हे वाक्य हवं. या शेवटच्या वाक्यामुळे ती सवलत न राहता औषधासारखी झाली, आणि मुख्याध्यापकांचा सूर बदलला.

१२ ऑगस्टला मॅडमनी शाळा सुटल्यावर थांबायला सांगितलं. मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्या म्हणाल्या, "ताई, वर्गात ५२ पोरं आहेत. एकाला सोडलं की दहा बोटं वर होतात. आणि सोडलेलं पोर कुठं गेलं, पडलं, गेटबाहेर गेलं, तर जबाबदार मी." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग थोडं थांबून हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू? मी स्वतः शाळेत पाणी पीत नाही. शिक्षिकांच्या संडासाला कुलूप असतं, किल्ली ऑफिसात, सगळ्या सरांसमोर मागायची. घरी जाईपर्यंत थांबते." आम्ही दोघी गप्प बसलो. मग हसायला आलं.

त्यानंतरचं सगळं त्यांनीच ठरवलं. बोट वर करायचंच नाही. सोनूने पाण्याची बाटली बाकावर आडवी ठेवायची. मॅडमनी मान हलवली की तो उठून जाणार. इतर पोरांना ती फक्त बाटली. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली की सेविका मावशी शिक्षिकांच्या संडासाचं कुलूप काढणार आणि बाहेर व्हरांड्यात झाडत उभी राहणार, म्हणजे पोर एकटं नाही. ती किल्ली त्या दिवसापासून मावशीच्या कमरेला आली. मॅडमनाही ती मागावी लागत नाही, हे त्यांनी मला नंतर हसत सांगितलं. वहीतल्या निरोपाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही काढला नाही. कडीचं मात्र मी तेव्हाच विचारलं. ती दिवाळीनंतर बसली.

सोनूला मी घरी सराव करवला. स्वयंपाकघरात तो बाटली आडवी ठेवायचा, मी भाकरी थापता थापता मान हलवायची. पहिले दोन दिवस त्याने शाळेत बाटली ठेवलीच नाही, लाजला. तिसऱ्या दिवशी ठेवली आणि घरी येऊन आधी तेच सांगितलं.

मी कॅलेंडरवर खुणा करत होते: बसला की टिंब, झाली की गोल, कपडे खराब झाले की फुली. ऑगस्टच्या शेवटच्या पंधरवड्यात नऊ फुल्या, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात चार. शाबासकी मी बसण्याला द्यायची, होण्याला नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. होणं त्याच्या हातात नव्हतं.

१८ सप्टेंबरला मॅडम प्रशिक्षणाला गेल्या. वर्गावर दुसरे सर. सोनूने बाटली आडवी ठेवली. सरांनी येऊन ती उभी केली आणि म्हणाले, "बाटली नीट ठेव, सांडेल." त्याने पुन्हा आडवी ठेवली. सरांनी उचलून टेबलावर नेऊन ठेवली. पुढचं सांगायला नको. त्या दिवशी तो घरी बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून शाळेत गेला नाही आणि चार दिवस पुन्हा रोखून धरलं.

चूक सरांची नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळी व्यवस्था एका माणसाच्या मानेवर टांगली होती. शिक्का असलेली पोच घेऊन मी पुन्हा शाळेत गेले. या वेळी पाच मिनिटांत काम झालं: पत्राच्या झेरॉक्सवर बाटलीची खूण लिहून ती हजेरीपत्रकाच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवली. वर्गावर कुणीही आलं तरी हजेरी घ्यायला ते उघडतंच. झेरॉक्सला दोन रुपये.

दिवाळीत माझीच चूक झाली. पोर छान होतं, फुल्या बंद झाल्या होत्या. माहेरी जाताना पावडरीचा डबा घरीच राहिला आणि मी म्हटलं, दहा दिवसांनी काय होतंय. शेव-चिवडा, लाडू, पाणी कमी, उठण्या-बसण्याची वेळ नाही. सुट्टी संपता संपता तो पुन्हा दाराच्या मागे उभा दिसला. डॉक्टरांनी फोनवर तीन दिवस मात्रा वाढवायला सांगितली, मग पुन्हा १० ग्रॅमवर. या वेळी दगड व्हायच्या आत पकडलं, कारण टाचा ओळखता येत होत्या. पावडरीच्या डब्याला साधारण साडेतीनशे रुपये पडायचे, एक डबा महिनाभर पुरायचा. प्रवासाला आता आधी तो पिशवीत जातो, मग कपडे.

मार्चमध्ये उन्हामुळे सकाळची शाळा झाली, साडेसातची, आणि सगळं वेळापत्रक उलटलं. साडेसहाला त्याला भूक नसते, घाईत बसवलं तर काही होत नाही. मी मॅडमना दोन ओळींची चिठ्ठी दिली: आता साडेनऊच्या छोट्या सुट्टीनंतर सोडावं. आवक वगैरे काही नाही, त्यांनी ती तिथेच हजेरीपत्रकातल्या पत्रावर पिनेने टाचली.

एप्रिलपासून मात्रा हळूहळू कमी केली, आधी ८ ग्रॅम, मग ५. अजून सुरू आहे. महिन्यातून एखादी फुली असते, बहुतेक लग्नाच्या दुसऱ्या दिवशी.

जूनमध्ये सोनू तिसरीत गेला. नवे सर आले, म्हणून मी जुनं पत्र काढलं आणि 'दुसरी'चं 'तिसरी' करून पुन्हा लिहायला बसले. तो शेजारी बसून वाचत होता, आता त्याला सगळं वाचता येतं. चौथ्या मुद्द्यावर बोट ठेवून म्हणाला, "निळी पिशवी राहू दे." मग बोट वरच्या मुद्द्यावर नेलं. "पण बाटली आडवी नको. मी बोट वर करीन." मी विचारलं, आणि सरांनी थांब म्हटलं तर? त्याने पेन घेतला आणि दुसऱ्या मुद्द्यातल्या 'लगेच'खाली दोन रेघा ओढल्या.